वर्गातली जात: नोंद, ओळख आणि आपलेपणा
सोलापूर परिसराच्या संदर्भात एक आढावा

१. प्रश्नाची व्याप्ती

शाळेतील जातिभेद या विषयावर महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षे लिहिले आणि बोलले जात आहे. मात्र या काळात प्रश्नाचे स्वरूप बदलत गेले आहे. आरंभी वाद होता तो शाळेच्या दारातून आत येण्याचा, नंतर तो वर्गात कुठे बसायचे याचा झाला आणि आज तो मुख्यतः असा आहे की एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांकडून शिक्षक सारखीच अपेक्षा ठेवतात का, आणि ठेवत नसतील तर त्याचा मुलांच्या शिकण्यावर काय परिणाम होतो. पहिले दोन वाद कायद्याने आणि चळवळीने बऱ्याच अंशी निकाली काढले. तिसरा अजून खुला आहे, कारण त्यातील भेदभाव बहुधा उघड नियमाच्या रूपात नसतो.

या लेखात तीन संज्ञा वारंवार येतील. ‘भेदभाव’ म्हणजे जातीच्या आधारे दिली गेलेली वेगळी वागणूक, मग ती हेतुपुरस्सर असो वा सवयीची. ‘आपलेपणा’ म्हणजे ही शाळा आपलीही आहे, येथे आपले म्हणणे ऐकले जाते आणि आपण नसलो तर ते कोणाच्या तरी लक्षात येते, अशी विद्यार्थ्याची धारणा. ‘संपादणूक’ हा शिक्षणखात्याच्या व्यवहारातला शब्द असून शिकवलेल्यापैकी मुलाने प्रत्यक्षात किती आत्मसात केले याचे मोजमाप त्यातून सूचित होते. हे तिन्ही कसे जोडलेले आहेत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

संदर्भासाठी येथे सोलापूर जिल्हा आणि त्यातही चिंचोळी एमआयडीसीचा परिसर घेतला आहे. सोलापूर–पुणे महामार्गालगत, मोहोळ तालुक्यातील चिंचोळी काटीजवळ वसलेली ही औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीभोवतीच्या गावांतील शाळेत एकीकडे गावातल्या जुन्या वस्त्यांमधली मुले असतात, तर दुसरीकडे कामाच्या शोधात आलेल्या कुटुंबांची. गावातल्या मुलाची जात शिक्षकांना आणि सोबत्यांना न विचारता ठाऊक असते. बाहेरून आलेल्या मुलाची मात्र आडनाव, बोली आणि कागदपत्रे यांतून शोधली जाते. सोलापूर हा कर्नाटकाला लागून असलेला जिल्हा असल्याने या दुसऱ्या प्रक्रियेत एक गुंता निर्माण होतो आणि त्याकडे एकूण चर्चेत फारसे लक्ष गेलेले नाही.

२. दारापासून ओसरीपर्यंत

मुंबई इलाख्यात हा प्रश्न सरकारदरबारी प्रथम ठळकपणे आला तो 1856 साली. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. एका विद्यार्थ्याला घेतल्याने बाकीचे शाळा सोडतील आणि शाळाच ओस पडेल, असा मुंबई सरकारचा युक्तिवाद होता. वरिष्ठ पातळीवर या निर्णयावर टीका झाली आणि पुढील दोन वर्षांत सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व घोषित झाले. 1882 च्या हंटर आयोगानेही तत्त्व म्हणून ते मान्य केले, पण अंमलबजावणीत सबुरीचा सल्ला दिला आणि जेथे विरोध तीव्र असेल तेथे स्वतंत्र शाळा काढाव्यात अशी वाट ठेवली. याच आयोगासमोर निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सरकारचा शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असा आक्षेप नोंदवला होता.

तत्त्व आणि व्यवहार यांच्यातील या अंतरातून ‘ओसरीवरची शाळा’ निर्माण झाली. अस्पृश्य मानलेल्या मुलांचे नाव पटावर असे, पण ती बाहेरच्या ओसरीवर किंवा दाराशी बसत, त्यांची पाटी शिक्षक लांबून पाहत आणि प्यायचे पाणी दुसऱ्या कोणी वरून ओतल्याशिवाय मिळत नसे. इतिहासकार फिलिप कॉन्स्टेबल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या प्रथेचा आणि तिच्याविरुद्ध महार समाजातील निवृत्त सैनिकांनी केलेल्या अर्जविनंत्यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातील शालेय दिवसांविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यात घरून नेलेले गोणपाट आणि शिपायाविना न मिळणारे पाणी या दोन गोष्टी येतात. सरकारी कागदावर ही सर्व मुले ‘प्रवेशित’ होती. पटावरची संख्या आणि वर्गातील स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या काळाने दिला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ओसरीची प्रथा मोडण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यात 1923 साली प्रवेश नाकारणाऱ्या अनुदानित शाळांचे अनुदान रोखण्याचे धोरण जाहीर झाले. पुढे 1928 साली नेमलेल्या आणि 1930 साली अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी केली, डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. स्वतंत्र शाळा की मिश्र शाळा, हा समितीपुढील एक प्रमुख मुद्दा होता आणि त्याचे पडसाद आजच्या निवासी शाळांविषयीच्या चर्चेतही उमटतात.

३. सोलापूरचा वारसा

सोलापूरच्या शिक्षणाच्या इतिहासात याच काळातील दोन घटना महत्त्वाच्या ठरतात. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सभेच्या आरंभीच्या प्रत्यक्ष कामांपैकी हे एक होते आणि त्यामागील विचार साधा होता: शाळा खुली झाली तरी खेड्यातून आलेल्या अस्पृश्य मुलाला शहरात राहायला जागा मिळत नाही, म्हणून शिक्षणाचा प्रश्न निवाऱ्यापासून सोडवावा लागतो. वसतिगृहात शिकण्यासाठी लागणारा वेळ, दिवा आणि जेवण मिळे. त्याबरोबर आपल्यासारखीच मुले शिकत आहेत ही खात्रीही मिळे. आज ज्याला आपलेपणा म्हटले जाते त्याची व्यवस्था अशा प्रकारे वर्गाबाहेर केली गेली.

दुसरी घटना म्हणजे सोलापुरातील ‘सेटलमेंट’. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले, त्या समाजांना तारेच्या कुंपणाआड ठेवून गिरणीकामाला लावण्याची व्यवस्था सोलापुरात होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द शहराच्या भूगोलात आजही टिकून आहे. या वसाहतींच्या कामाशी दीर्घकाळ संबंध असलेले सनदी अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हेच पुढे वर उल्लेखिलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. सेटलमेंटमध्ये मुलांनी शाळेत जाणे सक्तीचे होते. त्यामुळे ओसरीवर बसवलेल्या मुलाला शाळा नाकारली जात होती, तर सेटलमेंटमधील मुलावर ती लादली जात होती, आणि दोघांच्याही बाबतीत शाळेला मुलाची ओळख आधीपासून ठरवून मिळालेली होती. 1952 साली देशभर गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणवले जाऊ लागले. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीच्या पुढील कायद्यांमुळे संशयाची छाया पूर्णपणे गेली नाही. वर्गात एखादी वस्तू हरवली की प्रथम कोणाच्या दप्तराकडे बोट जाते, या प्रश्नाची मुळे या इतिहासात आहेत.

या परिसरातील अनुभवाचा एक मोठा साठा मराठी आत्मकथनांत आहे. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ यांतून शाळा ही एकाच वेळी सुटकेची आणि अपमानाची जागा म्हणून समोर येते. अभ्यासाचे साधन म्हणून त्यांची एक मर्यादा मान्य करावी लागते: ती शिकून पुढे गेलेल्यांनी लिहिलेली आहेत. तिसरी-चौथीतच शाळा सुटलेल्या मुलाचे आत्मकथन लिहिले जात नाही आणि म्हणून भेदभावाचा सर्वांत मोठा परिणाम याच साठ्यात सर्वांत कमी दिसतो.

४. नोंदीचा पेच

वर्गात जात दिसू नये अशी अपेक्षा असते, पण शाळेच्या दप्तरात ती असावीच लागते. महाराष्ट्रातील शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीचा रकाना असतो आणि तीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते. पुढे जातीचा दाखला काढताना आणि जात पडताळणी समितीपुढे तो सिद्ध करताना वडील-आजोबांच्या शाळेतील नोंदी हा प्रमुख पुरावा ठरतो. ही नोंद चुकली वा राहून गेली तर शिष्यवृत्ती आणि राखीव जागा दोन्ही हातच्या जाऊ शकतात. म्हणून रकानाच काढून टाकण्याची सूचना वंचित समाजांच्याच हिताविरुद्ध जाते.

पेच निर्माण होतो तो दप्तरातील ही नोंद वर्गात मोठ्याने वाचली जाते तेव्हा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेताना विद्यार्थ्यांना प्रवर्गाप्रमाणे उभे करणे, कागदपत्रे राहिलेल्यांची नावे जातीसह पुकारणे, या गोष्टी कामाच्या घाईतून घडतात. त्यामागे द्वेष असेलच असे नाही. गणवेशाची योजना हे याचे बोलके उदाहरण आहे. समग्र शिक्षा अभियानाखाली सरकारी शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्व मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील मुले यांना मोफत गणवेश मिळत असे. त्याच वर्गातील उरलेल्या मुलांना तो मिळत नसे. वाटपाच्या दिवशी कोण कोणत्या प्रवर्गातला हे सगळ्या वर्गाला कळे, आणि ज्यांना मिळाला नाही त्यांच्या मनात ‘त्यांना फुकट मिळते’ ही भावना रुजे. 2023-24 पासून राज्य शासनाने उरलेल्या विद्यार्थ्यांनाही या योजनेत आणले. हा निर्णय खर्चाच्या आणि समानतेच्या भाषेत मांडला गेला. परंतु वर्गातली जातीची एक जाहीर विभागणी त्याने थांबवली, हा त्याचा परिणाम या आढाव्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

सीमाभागात नोंदीचा पेच आणखी गुंतागुंतीचा होतो. उदाहरणादाखल, विजयपूर जिल्ह्यातून चिंचोळी परिसरात बांधकामाच्या कामासाठी आलेले एक वडार कुटुंब कल्पावे. कर्नाटकात हा समाज भोवी-वड्डर या गटात अनुसूचित जातीत मोडतो, तर महाराष्ट्रात वडार समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. लमाण-बंजारा समाजाचीही स्थिती अशीच आहे: कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळवण्यासाठी कुटुंबाचे राज्यातील वास्तव्य एका ‘मानीव दिनांका’च्या आधीपासून असल्याचे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 आहे. त्यानंतर आलेल्या कुटुंबाला मूळ राज्याच्या दाखल्यावर महाराष्ट्रातील राज्यपातळीवरच्या सवलती मिळत नाहीत.

या कुटुंबातील मूल शाळेत आले की पुढील क्रम घडतो. जनरल रजिस्टरमध्ये ‘वडार’ ही जात पालकांच्या सांगण्यावरून लिहिली जाते. प्रवर्गाच्या रकान्यात काय लिहावे याबाबत मुख्याध्यापकांचा गोंधळ होतो, कारण मुलाकडे दाखला असलाच तर तो कर्नाटकाचा असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी तो चालत नाही. त्यामुळे सवलतींच्या हिशेबात हे मूल खुल्या प्रवर्गात जाते. मात्र सोबत्यांच्या आणि शिक्षकांच्या लेखी ते ‘वडाराचे’ असते; घरी तेलुगूशी जवळीक असलेली बोली बोलणाऱ्या त्या मुलाचे मराठी उच्चार हसण्यावारी नेले जातात. जात ओळखण्यापुरती पक्की आणि हक्कापुरती अमान्य, अशी ही अवस्था आहे. तिचा आकडेवारीवरही परिणाम होतो: प्रवर्गनिहाय संपादणुकीचे जे कोष्टक वर जाते, त्यात हे मूल वंचित गटात मोजलेच जात नाही.

५. भेदभाव वर्गात कसा ओळखतात

शाळेतील जातिभेद मोजणाऱ्या अभ्यासांची पहिली पिढी दृश्य गोष्टींवर भर देणारी होती. 2001-02 मध्ये अकरा राज्यांतील 565 गावांत झालेल्या आणि 2006 साली पुस्तकरूपाने आलेल्या पाहणीत, 37.8 टक्के गावांतील सरकारी शाळांत दलित मुलांना जेवताना वेगळे बसवले जात असल्याचे नोंदले गेले. महाराष्ट्राचाही या पाहणीत समावेश होता, तरी हा आकडा सर्व राज्यांचा मिळून आहे हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

दुसऱ्या पिढीतील अभ्यास वर्गातील दैनंदिन व्यवहाराकडे वळले. गीता नंबिसन यांनी राजस्थानातील दलित मुलांच्या अनुभवांचा 2009 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. वर्गात कोण कुठे बसते एवढेच न पाहता पाण्याला हात कोण लावू शकतो, साफसफाईची कामे कोणाला सांगितली जातात, शिक्षक कोणाची वही तपासतात, फळ्यापाशी कोणाला बोलावतात आणि प्रार्थनेत वा कार्यक्रमात पुढे कोण असते, अशा जागांवर तो लक्ष केंद्रित करतो. यांपैकी प्रत्येक गोष्टीला एकेकट्याने पाहिले तर निरुपद्रवी स्पष्टीकरण देता येते. एखाद्या दिवशी एका मुलाला झाडू दिला म्हणजे भेदभाव झाला असे म्हणता येत नाही. पण महिनाभर नोंद ठेवली आणि झाडू, पाणी, फळा, वही या चारही बाबतींत तीच विभागणी दिसली, तर ती योगायोग राहत नाही. म्हणून निरीक्षणाचा कालावधी आणि नोंदीची सलगता या पद्धतीत निर्णायक ठरतात.

पुण्या-मुंबईतील दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा शैलजा पाईक यांनी केलेला अभ्यास आणखी एक पदर उलगडतो. मुलींच्या बाबतीत जात आणि लिंग यांवर आधारलेली वागणूक एकत्र येते, आणि भाषा, पोशाख, नीटनेटकेपणा यांविषयीचे शिक्षकांचे शेरे वरवर शिस्तीचे वाटले तरी ते जातीच्या चौकटीतून आलेले असू शकतात. ‘शुद्ध’ मराठीचा आग्रह याच प्रकारात मोडतो. कैकाडी, पारधी किंवा वडार घरातील मुलाची बोली ही स्वतंत्र भाषा आहे. तिला मराठीतली चूक मानून दुरुस्त करत राहिल्यास मूल बोलणेच थांबवते, असे भाषाशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे सांगतात.

६. परिणामाचा पुरावा

भेदभाव आहे एवढे दाखवणे आणि त्यामुळेच संपादणूक घटते हे दाखवणे, यांत फरक आहे. वंचित जातींतील मुलांच्या घरी पैसा, पुस्तके आणि शिकलेली माणसे कमी असण्याचा संभव जास्त, त्यामुळे त्यांचे गुण कमी पडले तर दोष वर्गाचा की घरच्या परिस्थितीचा हे नुसत्या निकालावरून सांगता येत नाही. हा गुंता सोडवण्यासाठी झालेल्या प्रयोगांपैकी दोन सर्वाधिक उद्धृत होतात.

पहिला कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा, उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांसोबत केलेला. त्यात 321 उच्च जातींतील आणि 321 दलित मुलांना कागदावरची भुलभुलय्यांची कोडी सोडवायला देऊन सोडवलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे दिले गेले. मुलांची जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. सुरुवातीलाच सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी सुमारे एक-पंचमांशाने घसरली. मुले तशीच, कोडी तीच आणि मोबदलाही तोच होता. बदलली होती ती फक्त जातीची जाहीर उच्चारणा. याच संशोधकांच्या संबंधित प्रयोगात, बक्षीस ठरवण्यात माणसाच्या निर्णयाऐवजी निव्वळ चिठ्ठीचा भाग आणला तेव्हा जातींमधली दरी नाहीशी झाली. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की मूल आपल्याला न्याय मिळणार नाही असे आधीच गृहीत धरते आणि प्रयत्न आखडता घेते.

दुसरा प्रयोग शिक्षकांवर आहे. रीमा हॅना आणि ली लिंडन यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या खऱ्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग आणि जात यांची माहिती चिठ्ठ्या टाकून लिहिली गेली व त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या जातीची खूण असलेल्या उत्तरपत्रिकांना 0.03 ते 0.08 प्रमाण विचलन इतके कमी गुण मिळाले. प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीपासून साधारणपणे किती पसरलेले असतात याचे माप. हा फरक लहान आहे. अधिक अनपेक्षित निष्कर्ष असा की सरासरीने पाहता खालच्या जातींतील शिक्षकांच्या तपासणीत तो अधिक दिसला. भेदभाव हा ‘त्यांचा’ विरुद्ध ‘आपला’ एवढाच मामला नसून व्यवस्थेने रुजवलेली अपेक्षा सर्वांच्याच अंगवळणी पडते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

या दोन प्रयोगांना त्यांच्या मर्यादा आहेत. कोड्यांचा प्रयोग काही मिनिटांचा आहे आणि शाळा दहा वर्षांची असते. क्षणिक घसरण साचत जाते की मूल हळूहळू सरावते हे त्यातून कळत नाही. ओळखीच्या जाणिवेमुळे कामगिरी घसरण्याच्या या परिणामावर अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरनसन यांनी 1995 साली पायाभूत काम केले. पुढे तेथे पुन्हा केलेल्या काही प्रयोगांत तो परिणाम मूळ अभ्यासाइतका प्रबळ आढळला नाही. दोन्ही भारतीय प्रयोगांचे निष्कर्ष महाराष्ट्राला थेट लागू करता येत नाहीत. सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींचा वारसा असलेल्या प्रदेशात जातीची उच्चारणा मुलाला खचवेल की त्याच्या अंगी बळ आणेल, हे गृहीत धरता येत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत अभिमानाने सांगितलेली ओळख आणि शिष्यवृत्तीच्या रांगेत उच्चारली गेलेली ओळख या मुलाच्या लेखी एकच नसतात.

७. प्रमुख भूमिका

या पुराव्याचा अर्थ लावताना तीन भूमिका ठळकपणे दिसतात.

पहिली भूमिका आर्थिक स्थितीला प्राधान्य देते. तिच्या मते गुणांमधील बहुतांश दरी उत्पन्न, पालकांचे शिक्षण, स्थलांतर आणि शाळेची गुणवत्ता यांनी समजावता येते. म्हणून साधने सर्वांना मिळाली की दरी कमी होत जाईल. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची एकूण साक्षरता 82.3 टक्के आणि अनुसूचित जातींची 79.7 टक्के होती, म्हणजे अंतर तीन टक्क्यांहून कमी. याकडे ही बाजू बोट दाखवते. त्यावर आक्षेप असा की त्याच जनगणनेत अनुसूचित जमातींची साक्षरता 65.7 टक्के होती, विमुक्त जातींची वेगळी मोजणीच झाली नाही, आणि साक्षरता हे संपादणुकीचे फारच ढोबळ माप आहे.

दुसरी भूमिका जातीचा स्वतंत्र परिणाम मानते. सारख्याच गरिबीतील दोन मुलांना वर्गात सारखी वागणूक मिळत नसेल तर साधनांचे वाटप पुरणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. वर उल्लेखिलेले प्रयोग तिला आधार देतात. मात्र वर्षानुवर्षांच्या संपादणुकीत या घटकाचा नेमका वाटा किती, हे ती अजून आकड्यात सांगू शकलेली नाही.

तिसरी भूमिका प्रश्न शिक्षकाच्या वागणुकीपलीकडे नेते. पाठ्यपुस्तकात कोणाचे घर, कोणाचा सण आणि कोणाची भाषा येते, यावरून कोणते मूल शाळेला परिचित वाटते हे ठरते, असे ती सांगते. एकही शिक्षक भेदभाव करत नसला तरी अशी शाळा काही मुलांना परकी राहील, हा तिचा युक्तिवाद. तिची अडचण मोजमापाची आहे, कारण सगळीकडे असलेल्या गोष्टीचा परिणाम तुलनेने काढणे कठीण असते.

याला छेदून जाणारा वाद मिश्र आणि स्वतंत्र शाळांचा आहे. विमुक्त आणि भटक्या समाजांसाठीच्या आश्रमशाळांत मुलाला हिणवणारा बहुसंख्य वर्ग नसतो आणि पालकांच्या भटकंतीत शिक्षण खंडित होत नाही, असे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते त्यामुळे इतर मुलांना या समाजांसोबत राहण्याची सवयच लागत नाही आणि पुढे महाविद्यालयात पहिला धक्का अधिक जोराचा बसतो. मॅट लो यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेला उत्तर प्रदेशातील क्रिकेट स्पर्धांचा प्रयोग येथे उपयोगी आहे. त्यात 1,261 तरुणांपैकी काहींना मिश्र जातींच्या संघात खेळवले. एकाच संघात खेळलेल्यांत जातीपलीकडची मैत्री वाढली, पण विरोधी संघांत परस्परांसमोर आलेल्यांत हा संपर्क उलट परिणाम करणारा ठरला. नुसते एकत्र बसवणे पुरेसे नाही, एकत्र कशासाठी बसवले हे महत्त्वाचे, असा त्याचा शाळेपुरता अर्थ निघतो.

८. कायदा आणि त्याची पोकळी

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वंचित गटांतील मुलांशी भेदभाव होणार नाही याची जबाबदारी शासन आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली, तसेच मुलाच्या मानसिक छळाला कलम 17 नुसार मनाई करून दोषीवर सेवानियमांप्रमाणे कारवाईची तरतूद केली. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. तथापि महाराष्ट्रातील विमुक्त जातींना, अनुसूचित यादीत नसल्याने, या दुसऱ्या कायद्याचे संरक्षण नाही. 

दुसरी अडचण तक्रारीच्या स्वरूपाची आहे. सदर कायदे घटनेवर चालतात: कोणी, केव्हा, काय केले हे सांगावे लागते. वर्गातील आजचा भेदभाव पुष्कळदा वगळण्यातून होतो. वही न तपासणे किंवा फळ्यापाशी न बोलावणे ही घटना म्हणून नोंदवता येत नाही. उच्च शिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली समतेविषयीचे विनियम आणले, त्यात भेदभावाचे प्रकार तपशिलाने नोंदवले आणि समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची व्यवस्था सांगितली. शालेय पातळीवर इतक्या तपशिलाची यादी प्रचलित व्यवहारात रुजलेली नाही.

९. अनिर्णित राहिलेले प्रश्न

या आढाव्यातून काही बाबी पुरेशा स्पष्ट होतात. प्रवेशाचा आणि उघड वेगळ्या बसवणुकीचा प्रश्न एकेकाळी होता त्या रूपात राहिलेला नाही. जातीची जाहीर उच्चारणा काही परिस्थितीत कामगिरी खाली खेचते, याला प्रायोगिक आधार आहे. शिक्षकांच्या मूल्यमापनात जातीचा प्रभाव आढळतो, परंतु तो एकेका चाचणीत लहान असतो आणि तो उच्च जातींतील शिक्षकांपुरता मर्यादित नसतो.

तीन प्रश्न मात्र खुले आहेत. पहिला, लहान लहान फरक दहा वर्षांत साचून किती मोठे होतात. यासाठी त्याच मुलांचा पहिलीपासून दहावीपर्यंत मागोवा घेणारे अभ्यास लागतील आणि त्यात शाळा मध्येच सुटलेल्या मुलांचाही शोध घ्यावा लागेल. दुसरा, संपादणुकीच्या सर्वेक्षणांतील प्रवर्गांची कोष्टके सीमाभागातील आणि स्थलांतरित मुलांना कितपत टिपतात. दाखल्यावरचा प्रवर्ग आणि पालकांनी सांगितलेली जात या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय हे समजणार नाही. तिसरा आणि व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा प्रश्न, हक्कासाठी आवश्यक असलेली जातीची नोंद वर्गात न उच्चारता शाळेचे काम कसे चालवावे, हा आहे. गणवेश सर्वांना देण्याचा निर्णय हे त्याचे एक अंशतः उत्तर ठरले. शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गाऐवजी पालकांकडून कार्यालयात भरून घेणे, उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घालणे आणि वर्गातील कामांची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावणे, हे फारसा खर्च न लागणारे आणि परिणाम मोजता येण्याजोगे बदल आहेत. त्यांनी आपलेपणा किती वाढतो आणि गुण किती सुधारतात, हे चिंचोळीसारख्या मिश्र वस्तीच्या परिसरातील काही शाळांत बदल करून आणि काहींत न करून ताडून पाहणे शक्य आहे. तशी तुलना होईपर्यंत आर्थिक स्थितीचा वाटा किती आणि वर्गातील वागणुकीचा किती, या मूळ वादात कोणत्याही एका बाजूचा निर्णायक विजय झाला असे म्हणता येणार नाही.